आराखड्यात काय होते, निबंधात काय आले

अभ्यास सुरू होण्याआधीच काय मोजायचे, किती जणांवर मोजायचे आणि जमलेल्या आकड्यांचे विश्लेषण कोणत्या रीतीने करायचे हे लिहून, तारखेसह सार्वजनिक ठिकाणी नोंदवून ठेवण्याला पूर्वनोंदणी म्हणतात. औषधांच्या चाचण्यांत ही पद्धत आता रुळली आहे. आघाडीच्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २००५ पासून नोंदणी नसलेल्या चाचण्या छापायच्या नाहीत असे ठरवले. भारतात २००७ मध्ये सीटीआरआय ही चाचण्यांची सरकारी नोंदवही सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून तीत नोंद करणे सक्तीचे झाले. मानसशास्त्रात ही चाल उशिरा, गेल्या दशकभरात आली.

नोंदणी केली म्हणजे पुढचे सगळे आराखड्याबरहुकूम होते असे मात्र नाही. रुग्ण मध्येच सोडून जातात, यंत्र बिघडते, गृहीत धरलेली संख्याशास्त्रीय पद्धत आलेल्या आकड्यांना लागू पडत नाही. कधी कधी आराखडाच मुळात कच्चा असतो. शिवाय माहिती हातात आली की तिच्यात काही अनपेक्षित दिसते आणि संशोधकाला त्याचा माग काढावासा वाटतो. यातले काहीही गैर नाही. गैर होते ते नंतर, निबंध लिहिताना. आयत्या वेळी बदललेली गोष्ट आधीपासूनच ठरलेली होती अशा थाटात मांडली जाते आणि माहिती चाळताना हाती लागलेला निष्कर्ष आधी मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचकापुढे ठेवला जातो. हे परीक्षा देऊन झाल्यावर कोणते प्रश्न गुणांसाठी धरायचे हे परीक्षार्थ्यानेच ठरवण्यासारखे आहे. उत्तरे खरी असतील, पण गुणपत्रिकेला अर्थ राहत नाही.

याचे सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणजे ‘स्टडी ३२९’. पॅरोक्सेटीन हे नैराश्यावरचे औषध किशोरवयीन मुलांना लागू पडते का, हे पाहण्यासाठी स्मिथक्लाइन बीचम या कंपनीने १९९०च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात ही चाचणी केली. १२ ते १८ वयाची २७५ मुले तीत होती. ९३ जणांना पॅरोक्सेटीन, ९५ जणांना इमिप्रामीन हे जुने औषध आणि ८७ जणांना प्लासिबो म्हणजे औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी. उपचार आठ आठवड्यांचा होता.

चाचणीच्या प्रोटोकॉलमध्ये दोन मुख्य निकष लिहिलेले होते. दोन्ही हॅमिल्टन मापनश्रेणीवर आधारलेले होते. या श्रेणीत डॉक्टर प्रश्न विचारून नैराश्याच्या तीव्रतेला गुण देतात आणि गुण जितके जास्त तितका आजार गंभीर. पहिला निकष असा की आठ आठवड्यांत एकूण गुण किती उतरले. दुसरा असा की किती मुलांनी ‘प्रतिसाद’ दिला. प्रतिसादाची व्याख्याही प्रोटोकॉलमध्येच होती : अखेरीस गुण ८ किंवा त्याहून कमी असावेत, नाहीतर सुरुवातीच्या गुणांपेक्षा निदान निम्म्याने घटलेले असावेत. दोन्हींपैकी काहीही झाले तरी तो प्रतिसादच. याशिवाय सहा दुय्यम निकष होते.

निकाल लागला तेव्हा या आठांपैकी एकाही निकषावर पॅरोक्सेटीन प्लासिबोपेक्षा संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीयरीत्या सरस ठरले नाही. प्रतिसादाचे प्रमाण पॅरोक्सेटीनच्या गटात ६६.७ टक्के, तर प्लासिबोच्या गटात ५५.२ टक्के होते. फरक दिसतो, पण एवढ्या संख्येत तो निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. पी-मूल्य ०.११ आले. औषध आणि प्लासिबो यांत खरोखर काहीच फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता म्हणजे पी-मूल्य. ते ०.०५ च्या खाली असेल तर फरक लक्षणीय मानण्याचा प्रघात आहे.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या बाल-मानसोपचाराच्या एका प्रमुख नियतकालिकात निबंध आला. पॅरोक्सेटीन किशोरवयीनांना सामान्यतः सोसते आणि ते परिणामकारक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यात आठ निकष मांडले होते आणि चारांवर औषध सरस होते. मात्र ते चारही प्रोटोकॉलमधले नव्हते. त्यांपैकी एक कसा आला हे पाहण्यासारखे आहे. प्रतिसादाच्या मूळ व्याख्येत दोन पर्याय होते. त्यांतला पहिला, म्हणजे गुण ८ किंवा त्याहून कमी, वेगळा काढून त्याला ‘पूर्ण उतार’ असे स्वतंत्र स्थान दिले गेले. त्याचे प्रमाण पॅरोक्सेटीनला ६३.३ टक्के आणि प्लासिबोला ४६ टक्के होते. पी-मूल्य ०.०२. जी व्याख्या आधी ठरली होती तिच्यावर औषध हरले, तिचा अर्धा भाग कापून घेतल्यावर जिंकले. आजारातून पूर्ण उतार पडणे ही महत्त्वाची गोष्ट आहे यात वाद नाही, आणि म्हणूनच हा बदल सहज खपून गेला. नवा निकष ऐकायला जुन्यापेक्षा चांगलाच वाटतो. तो निवडला गेला केव्हा, एवढेच वाचकाला कळत नाही.

२००८ मध्ये काही संशोधकांनी, न्यायालयीन खटल्यांमुळे खुल्या झालेल्या कंपनीच्या कागदपत्रांवरून, हिशोब मांडला. प्रोटोकॉलमधले आठ आणि नंतर पाहिलेले एकोणीस असे निदान सत्तावीस निकष तपासले गेले होते आणि त्यांतले चार औषधाच्या बाजूने होते. आठ प्रोटोकॉलमधले निकष हरल्यावर त्यांतले चार वगळून जागी दुसरे चार बसवले, असा त्याचा अर्थ होतो. २०१५ मध्ये दुसऱ्या एका गटाने मूळ माहितीचे प्रोटोकॉलप्रमाणे नव्याने विश्लेषण करून ते ‘बीएमजे’त प्रसिद्ध केले. पॅरोक्सेटीन परिणामकारक नव्हते आणि आत्महत्येचे विचार व कृती यांसारखे धोके त्याच्या गटात वाढलेले होते, असे त्यांना आढळले. निकष का बदलले याचे शास्त्रीय कारण सांगणारा एकही कागद मिळाला नाही, हेही त्यांनी नोंदवले.

सत्तावीस निकषांतून चार निवडल्याने नेमके काय बिघडते, हे साध्या गणिताने कळते. औषधाचा काहीच परिणाम नाही असे धरले तरी एकेका निकषावर योगायोगाने लक्षणीय फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के असते. निकष एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर सत्तावीसांपैकी निदान एकावर तसा फरक दिसण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के होते. प्रत्यक्षात नैराश्याचे निकष एकमेकांशी जोडलेले असतात. एकावर सुधारणा झाली की दुसऱ्यावरही होते, त्यामुळे नेमका आकडा वेगळा येईल. पण मुद्दा बदलत नाही. निबंधात छापलेले ०.०२ हे पी-मूल्य फक्त एकच निकष पाहिला असेल तरच ०.०२ या अर्थाने वाचता येते. किती पाहिले हे दडवले की तो आकडा नुसता देखाव्यापुरता उरतो.

आता उलट बाजू. मुख्य निकष बदलणे हाच दोष मानला, तर कोविडच्या साथीतली रेमडेसिव्हिरची अमेरिकी सरकारी चाचणी, जी एसीटीटी-१ या नावाने ओळखली जाते, तीही दोषी ठरेल. ती २०२० च्या फेब्रुवारीत सुरू झाली. मुख्य निकष होता पंधराव्या दिवशीची रुग्णाची स्थिती, आठ पायऱ्यांच्या श्रेणीवर. कोविडमध्ये आजार अपेक्षेपेक्षा लांबतो असे मार्चमध्ये जगभरच्या अनुभवावरून दिसू लागले. एका ठरावीक दिवशी पाहिले तर औषधाचा उपयोग असूनही तो निसटेल, अशी भीती होती. म्हणून बरे व्हायला किती दिवस लागतात हा मुख्य निकष करावा, आणि तो २९ दिवसांपर्यंत मोजावा, असे सुचवले गेले.

या बदलावर तेव्हा बरीच टीका झाली. मध्येच निकष बदलला म्हणजे काहीतरी काळेबेरे असणार, असा सूर होता. पण निबंधात बदलाची हकीकत सविस्तर आहे. बदल २२ मार्च २०२० रोजी सुचवला गेला. तोवर ७२ रुग्ण दाखल झाले होते. सुचवणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांना कोणत्या रुग्णाला औषध आणि कोणाला प्लासिबो मिळाले हे ठाऊक नव्हते, निकालाची माहितीही त्यांच्यापर्यंत आलेली नव्हती. जुना मुख्य निकष टाकून दिला नाही. तो प्रमुख दुय्यम निकष म्हणून ठेवला आणि त्याचाही निकाल छापला. अखेर १०६२ रुग्णांत बरे होण्याचा मध्यक काळ औषधाच्या गटात १० दिवस आणि प्लासिबोच्या गटात १५ दिवस आला. पंधराव्या दिवसाच्या जुन्या निकषावरही कौल औषधाच्याच बाजूने होता. या औषधाने मृत्यू टळतात का हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर या चाचणीने ठामपणे दिले नाही. पण निकष बदलल्यामुळे निकाल फिरला, असे म्हणायला जागा उरली नाही.

स्टडी ३२९ आणि एसीटीटी-१ यांतला फरक बदलाच्या आकारात नाही. निर्णय घेणाऱ्याला त्या क्षणी काय माहीत होते, यात तो आहे. माहिती गोळा व्हायच्या आधीचा बदल जवळपास निरुपद्रवी असतो. माहिती आली आहे पण गट उघड झालेले नाहीत, अशा वेळचा बदल बहुधा मान्य होण्यासारखा असतो. गटागणिक निकाल पाहून झाल्यावरचा बदल मात्र, कारण कितीही रास्त असले तरी, संशयास्पद राहतो, कारण निकालाने निवडीवर परिणाम केला नाही हे कोणालाच, अगदी संशोधकालाही, खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे आराखड्यापासूनच्या फारकतीची नोंद करताना निर्णय केव्हा झाला आणि तेव्हा काय ठाऊक होते, हा त्या नोंदीचा कणा असतो. निबंधांत नेमका हाच भाग सर्वाधिक वेळा गाळलेला असतो.

प्रत्यक्षात अशी नोंद कशी दिसते, हे एका कल्पित अभ्यासावरून पाहता येईल. समजा, क्षयरोगाच्या रुग्णांना रोज मोबाइलवर गोळ्यांची आठवण करून दिली तर ते गोळ्या अधिक नियमित घेतात का, हे तपासायचे आहे. २४० रुग्ण, निम्म्यांना संदेश, निम्म्यांना नाही. सहा महिन्यांत ठरलेल्या गोळ्यांपैकी किती टक्के घेतल्या हा मुख्य निकष. दोन्ही गटांच्या सरासरीची तुलना टी-चाचणीने करायची, असे आराखड्यात लिहिले आहे. अभ्यास झाल्यावर दोन अडचणी समोर येतात. एका आरोग्य केंद्रातले गोळ्यांचे रजिस्टर गहाळ झाले, त्यामुळे तिथल्या १८ रुग्णांचे आकडेच नाहीत. आणि बहुतेक रुग्णांनी नव्वद टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या, मोजक्यांनी मात्र उपचारच सोडला. आकड्यांचा आकार असा एका बाजूला झुकलेला असला की सरासरीची तुलना डगमगते आणि क्रमांकांवर आधारलेली मॅन-व्हिटनी चाचणी अधिक भरवशाची वाटते.

सर्वसाधारण निबंधात यावर एवढेच वाक्य येईल : माहितीच्या स्वरूपानुसार मॅन-व्हिटनी चाचणी वापरली व अपूर्ण नोंदी वगळल्या. वाक्य खोटे नाही. पण आराखड्यात दुसरेच काही होते याचा त्यात उल्लेख नाही, आणि नोंदवही उघडून न पाहणाऱ्या वाचकाला सगळे ठरल्याप्रमाणे झाले असेच वाटेल.

प्रामाणिक नोंद थोडी लांब होते. आराखड्यात टी-चाचणी होती. प्रत्यक्षात मॅन-व्हिटनी चाचणी वापरली. कारण, दोन्ही गटांचे आकडे एकत्र मांडल्यावर ते फार झुकलेले दिसले. हा निर्णय गटांची सांकेतिक यादी उघडण्यापूर्वी झाला. आराखड्यातल्या टी-चाचणीचा निकालही पुरवणीत दिला आहे आणि निष्कर्ष त्याने बदलत नाही. किंवा बदलत असेल, तर तसेच सांगायचे. दुसरी नोंद रजिस्टरची. १८ रुग्ण कोणत्या केंद्रातले, त्यांतले किती संदेशाच्या गटातले, रजिस्टर हरवल्याचे कधी कळले, आणि त्या रुग्णांबद्दल टोकाची गृहीतके धरली, म्हणजे सगळ्यांनी गोळ्या घेतल्या किंवा कोणीच घेतल्या नाहीत असे मानले, तर निकालाचे काय होते. अशा नोंदी बहुधा एका तक्त्यात देतात. त्याच्या रकान्यांत आराखडा, प्रत्यक्ष कृती, कारण, वेळ आणि निकालावरचा परिणाम असतो. तक्ता पुरवणीत गेला तरी चालतो. पण मुख्य निकषाला हात लावणारा बदल मुख्य मजकुरातच आणि सारांशातही दिसला पाहिजे, कारण बहुतेक वाचक सारांशाच्या पुढे जात नाहीत.

सगळे बदल सारख्याच वजनाने लिहिले तर तक्ता ओसंडून वाहतो आणि वाचणारा कंटाळतो. आलेखाचा प्रकार किंवा वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलणे ही एका ओळीची गोष्ट आहे. रुग्ण वगळण्याचा नियम, निकषाची व्याख्या, नमुन्याचा आकार आणि माहिती गोळा करणे केव्हा थांबवले, या चार गोष्टींना मात्र जागा द्यावीच लागते. विशेषतः शेवटची. आकडे अधूनमधून पाहत, निकाल लक्षणीय दिसताच थांबलेला अभ्यास कागदावर इतरांसारखाच दिसतो, पण त्याचे पी-मूल्य भरवशाचे राहत नाही.

आराखड्याबाहेरचे शोधपर विश्लेषण हा दुसरा भाग. इथे आराखड्यातले काही बदललेले नसते, त्यात नसलेले काही जास्तीचे पाहिलेले असते. वरच्याच अभ्यासात संदेशांचा उपयोग स्त्रियांना जास्त झाला असे दिसले आणि आराखड्यात स्त्री-पुरुष अशी विभागणी नव्हती, तर ते शोधपर विश्लेषण झाले. असे विश्लेषण टाळावे असे कोणीही जाणकार म्हणत नाही. नवे प्रश्न बहुतेक वेळा इथूनच सुचतात. ते कुठून आले हे स्पष्ट लिहिणे एवढीच अपेक्षा असते.

हे नीट केले तर काय होते याचा उत्तम दाखला हृदयरोगाच्या क्षेत्रात आहे. १९९७ मध्ये एलिट ही चाचणी प्रसिद्ध झाली. हृदय अकार्यक्षम झालेल्या ६५ वर्षांवरच्या ७२२ रुग्णांत लोसार्टन आणि कॅप्टोप्रिल या दोन औषधांची तुलना होती. मुख्य निकष मूत्रपिंडाच्या कामाचा होता, म्हणजे रक्तातले क्रिएटिनिन वाढून तसेच राहणे. त्यावर दोन्ही औषधे बरोबरीत सुटली. दोन्ही गटांत १०.५ टक्के. पण मृत्यूंची गणती केल्यावर वेगळेच चित्र दिसले. लोसार्टनच्या ३५२ रुग्णांत १७ मृत्यू, कॅप्टोप्रिलच्या ३७० रुग्णांत ३२. मृत्यूचा धोका ४६ टक्क्यांनी कमी. ही चाचणी मृत्यूदराचा निकाल लावण्यासाठी आखलेलीच नव्हती, आणि एकूण मृत्यू अवघे ४९.

एवढा ठसठशीत आकडा हाती आल्यावर तोच निबंधाचा मुख्य शोध म्हणून मिरवण्याचा मोह किती असेल, याची कल्पना करता येते. संशोधकांनी मृत्यूतली घट अनपेक्षित असल्याचे म्हटले आणि ती तपासण्यासाठी मोठी चाचणी आखली गेली. एलिट-२ मध्ये ३१५२ रुग्ण होते आणि या वेळी सर्व कारणांनी होणारे मृत्यू हाच आधी ठरवलेला मुख्य निकष होता. निकाल २००० साली आला. लोसार्टनच्या १५७८ रुग्णांत २८० मृत्यू, कॅप्टोप्रिलच्या १५७४ रुग्णांत २५०. लोसार्टन सरस नव्हतेच, उलट कल किंचित दुसऱ्या बाजूला होता. पहिल्या चाचणीतले ४६ टक्के लबाडीचे नव्हते. थोड्या मृत्यूंच्या गणतीत योगायोग किती मोठा दिसू शकतो, याचे ते मोजमाप होते.

उपगटांची विभागणी हा शोधपर विश्लेषणाचा सर्वांत घसरडा प्रकार. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिनचा उपयोग सिद्ध करणारी आयसिस-२ ही १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी १७,१८७ रुग्णांवर झाली होती. तिच्या निबंधात एक मिस्कील तक्ता आहे. रुग्णांची जन्मराशीनुसार विभागणी केली, तर मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिन थोडे अपायकारकच दिसते, बाकीच्या सगळ्यांना ते ठळकपणे उपयोगी पडते. ज्योतिष सिद्ध करण्यासाठी हा तक्ता दिलेला नव्हता. रुग्णांचे पुरेसे तुकडे पाडले की कुठल्या तरी तुकड्यात उलटा निकाल हमखास निघतो, हे दाखवण्यासाठी होता. राशीऐवजी तिथे ‘मधुमेही’ किंवा ‘साठीच्या पुढचे’ असे शब्द असते, तर कित्येकांनी त्याला जैविक कारणही शोधून दिले असते.

शोधपर निष्कर्ष निबंधात कसा ओळखू यावा, यासाठी काही रीती रुळल्या आहेत. निकालांच्या भागात त्याला वेगळे शीर्षक असते आणि आराखड्यातल्या विश्लेषणात तो मिसळलेला नसतो. असे किती विश्लेषण पाहिले, न जुळलेले धरून, तेही लिहिलेले असते. पी-मूल्य एकतर देत नाहीत किंवा त्याचा पुरावा म्हणून उपयोग करत नाहीत. परिणामाचा आकार आणि त्याची अनिश्चिततेची कक्षा देतात. भाषाही बदलते. ‘संदेशांमुळे स्त्रिया गोळ्या अधिक नियमित घेतात’ असे न लिहिता ‘स्त्रियांत परिणाम अधिक असावा असे या माहितीत दिसले, वेगळ्या रुग्णांवर तपासणे आवश्यक’ असे येते. प्रस्तावनेतला प्रश्न मात्र आधीचाच राहिला पाहिजे. निकाल पाहून प्रस्तावना नव्याने लिहिणे आणि मिळालेल्या उत्तराला शोभेसा प्रश्न आधीपासून मनात होता असे भासवणे, या सवयीवर मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट कर यांनी १९९८ मध्ये सविस्तर लेख लिहिला होता. त्यानंतरही ती टिकून आहे.

लेबल लावूनही ते निरुपयोगी ठरण्याचे एक ठरावीक स्थान आहे. पद्धतींच्या भागात ‘हे विश्लेषण शोधपर आहे’ असे लिहिलेले असते आणि सारांशाच्या शेवटच्या ओळीत किंवा शीर्षकात तोच निष्कर्ष ठाम विधान होऊन येतो. बातम्या शीर्षकावरून बनतात. परीक्षणकर्त्याने सारांश आणि पद्धतींचा भाग शेजारी ठेवून वाचला, तर ही चूक चटकन सापडते.

नोंदणी होऊनही हे सगळे किती वेळा पाळले जाते? ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात २०१५ ते २०१७ या काळात पूर्वनोंदणीचे मानचिन्ह मिळालेल्या २७ अभ्यासांची नंतर छाननी झाली. त्यांत आराखड्यापासून फारकत सर्रास आढळली. फारकत घेतलेल्यांपैकी एकानेच सगळे बदल सांगितले होते. वैद्यकात ऑक्सफर्डच्या बेन गोल्डेकर आणि सहकाऱ्यांनी २०१५-१६ मध्ये पाच नामांकित नियतकालिकांतल्या ६७ चाचण्यांचे निकष त्यांच्या नोंदणीशी ताडून पाहिले. ५८ चाचण्यांत दुरुस्तीचे पत्र पाठवावे असा दोष निघाला. पत्रे पाठवली गेली, त्यांतली २३ छापली गेली. काही संपादकांनी अशा तपासणीची गरजच नाकारली, यावरून अडचण फक्त संशोधकांची नाही हे दिसते.

ही ताडणी सामान्य वाचकालाही करता येते. निबंधात नोंदणी क्रमांक असतो. सीटीआरआयच्या नोंदीत नोंदणी चाचणीआधी झाली की नंतर, पहिला रुग्ण केव्हा दाखल झाला आणि मुख्य निकष काय होता हे दिसते. अमेरिकी नोंदवहीत मुख्य निकष कोणत्या तारखेला कसा बदलला याचा इतिहासही पाहायला मिळतो. मुख्य निकषाचे शब्द दोन्हीकडे एकच आहेत का, कालावधी तोच आहे का, रुग्णसंख्या ठरली तेवढीच आहे का, एवढे तीन मुद्दे पाहायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

पण ही तपासणी आराखड्याच्या नेमकेपणावर अवलंबून असते. ‘नैराश्यातील सुधारणा’ एवढेच नोंदवले असेल, तर कोणती मापनश्रेणी, किती आठवड्यांनी, सरासरी फरक की प्रतिसादाचे प्रमाण, हे सगळे मोकळे राहते. निकाल पाहून त्यांतले काहीही निवडले तरी कागदावर फारकत घडलेलीच नसते आणि तक्त्यात लिहायला काही उरत नाही. स्टडी ३२९ पकडता आली, कारण तिच्या प्रोटोकॉलमध्ये प्रतिसादाची व्याख्या आकड्यांसह लिहिलेली होती.